आधी कागद, मग नकाशा

हल्ली कुठल्याही ट्रेकच्या आधी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर एक नकाशा येतो. कोणीतरी हौसेने केलेला असतो. रंग छान असतात. कोपऱ्यात एखाद्या जहाजाच्या नकाशावर शोभेल अशी सोळा पाकळ्यांची दिशाचक्री असते. खाली लिहिलेलं असतं ‘प्रमाण १:२५,०००’. लोक घरच्या प्रिंटरवर तो छापतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि निघतात.

आता मला त्यातलं काय खुपतं? ते ‘१:२५,०००’ खुपतं. कारण दहातल्या नऊ वेळा ते खोटं असतं. करणाऱ्याच्या संगणकावर ते खरं होतं, तुमच्या हातातल्या कागदावर ते खरं राहिलेलं नसतं.

माझं मत सरळ आहे. छापायचा नकाशा करताना पहिला प्रश्न ‘कुठला भाग दाखवायचा’ हा नसून ‘कुठल्या कागदावर छापला जाणार’ हा आहे. बाकी सगळं, म्हणजे प्रमाण, चौकट, सूची, बाण, त्या उत्तराच्या मागून येतं. आपण नेमकं उलट करतो. आधी पडद्यावर सुंदर नकाशा करतो आणि शेवटी तो कागदात कोंबतो.

उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. तोरणा ते राजगड. बऱ्याच जणांच्या पायाखालची वाट. वेल्ह्यातून तोरण्यावर चढायचं, बुधला माचीवरून उतरायचं, धारेने चालत राहायचं आणि राजगडाच्या संजीवनी माचीला अळू दरवाज्यातून शिरायचं. मग गुंजवण्याला उतरायचं. या ट्रेकसाठी स्वतंत्र नकाशा करण्याला एक चांगलं कारणही आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या १:५०,००० च्या पत्रकांची शिवण १८ अंश १५ मिनिटांच्या अक्षांशावर आहे आणि ती रेघ नेमकी याच भागातून जाते. तोरणा एका पत्रकात (४७ एफ/११), राजगड त्याच्या खालच्या पत्रकात (४७ एफ/१२). म्हणजे सलग चालायची वाट दोन कागदांत तुटलेली. आणि असं एकेक पत्रक जवळजवळ ५५ सेंटीमीटर उंच असतं. ते घरी छापता येत नाही.

तर आपल्याला काय हवंय? वेल्हे, गुंजवणे, दोन्ही गड आणि मधली धार. हे सगळं पूर्व-पश्चिम १० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ७ किलोमीटर अशा आयतात बसतं. १:२५,००० ला जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर ४ सेंटीमीटर होतो. म्हणजे ४० बाय २८ सेंटीमीटरचा नकाशा झाला. ए-३ कागद ४२ बाय २९.७ सेंटीमीटर. चारही बाजूंनी एकेक सेंटीमीटर समास सोडला (बहुतेक प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापतच नाहीत) की उरतात ४० बाय २७.७. म्हणजे नकाशासुद्धा पुरता बसत नाही, मग सूची आणि पट्टी कुठे ठेवणार? त्यातून ए-३ चा प्रिंटर किती जणांकडे असतो?

इथेच घोटाळा सुरू होतो. करणारा म्हणतो, थोडं इकडे-तिकडे करून ए-३ मध्ये बसवू. बसवतो. पीडीएफ पाठवतो. आणि घेणारे सगळे ती ए-४ वर छापतात. प्रिंटर काही तक्रार करत नाही, निमूटपणे आकसून छापतो. ए-३ चं ए-४ झालं की प्रत्येक लांबी मूळच्या ७१ टक्के होते, ०.७०७ पट. ‘१:२५,०००’ चं प्रत्यक्षात साधारण १:३५,४०० झालेलं असतं, पण अक्षरं तीच राहतात.

याने काय बिघडतं? मध्यंतरी एका ग्रुपबरोबर याच धारेवर होतो. त्यांच्या हातात असाच आकसलेला नकाशा होता. एकाने दोरा लावून उरलेली वाट मोजली, १२ सेंटीमीटर. एक सेंटीमीटरला २५० मीटर, म्हणजे ३ किलोमीटर राहिले, हा हिशोब. निवांत बसले, पाणी संपवलं. खरं अंतर होतं सव्वाचार किलोमीटर. धारेच्या चढउतारावर पाठपिशवी घेऊन ताशी दोन किलोमीटर जमले तर पुष्कळ. म्हणजे दीड तासाच्या ठिकाणी दोन तासांच्या वर. डिसेंबरात संध्याकाळी सहाला अंधारून येतं. अळू दरवाज्याची शेवटची चढण त्यांनी टॉर्चच्या उजेडात, कोरड्या घशाने केली. कोणाला काही झालं नाही. पण ती चढण दिवसासुद्धा गंमत नाही, हे ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको.

त्या नकाशावर प्रमाणपट्टी असती तर हे झालं नसतं. साधी ०, १, २ किलोमीटर लिहिलेली पट्टी. कारण नकाशा आकसला की पट्टीही तेवढीच आकसते. झेरॉक्समध्ये लहान केला, फोटो काढून पाठवला, पडद्यावर चिमटीने मोठा केला, तरी पट्टी आणि वाट यांचं नातं तुटत नाही. आकड्यातलं प्रमाण फक्त एकाच कागदावर खरं असतं. म्हणून माझा आग्रह असा की पट्टी हवीच, आणि आकडा लिहायचाच असेल तर कागदासकट लिहावा: ‘ए-४ कागदावर १:५०,०००’. त्या दोन शब्दांनी वाचणाऱ्याला निदान शंका घ्यायला जागा मिळते.

बरं, मग आपला नकाशा कसा करायचा? लोक ए-४ वरच छापणार हे मान्य करायचं आणि तिथून मागे यायचं. ए-४ आडवा, २९७ बाय २१० मिलिमीटर. समास जाऊन २७७ बाय १९० उरले. १:५०,००० ला आपले १० किलोमीटर २०० मिलिमीटरमध्ये येतात. वर शीर्षकाला १५ आणि मध्ये ५ मिलिमीटर सोडले तर नकाशाला उंची मिळते १७०, म्हणजे साडेआठ किलोमीटर. हवे होते सात, दीड जास्तच मिळाले. त्यात वेल्ह्याकडे येणारा रस्ता दाखवता येतो. उजवीकडे ७२ मिलिमीटरचा उभा रकाना उरतो, सूची आणि पट्टीसाठी. कशातही काही कोंबावं लागलं नाही.

क्यूजीआयएसमध्ये हे करताना क्रमही असाच ठेवावा. नवीन `Print Layout` उघडलं की आधी कोऱ्या पानावर उजवी टिचकी, `Page Properties`, तिथे `A4` आणि `Landscape`. मग नकाशाची चौकट काढायची आणि तिचा आकार अंदाजाने न ओढता आकडे घालून २०० बाय १७० करायचा. मग `Scale` मध्ये `50000` टाइप करायचं. त्यानंतर नकाशा चौकटीच्या आत सरकवायला `Move item content` वापरतात. तेव्हा माउसचं चाक चुकून जरी फिरलं तरी प्रमाण बदलतं. ओळखायची खूण सोपी आहे. `Scale` मध्ये `48317` असला काहीतरी विचित्र आकडा दिसला की चाक फिरलंय असं समजावं आणि पुन्हा `50000` लिहावं.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्यायची, प्रक्षेपण. इंटरनेटवरचे पार्श्वभूमीचे नकाशे बहुतेक वेब मर्केटरमध्ये असतात (`EPSG:3857`) आणि प्रकल्पही नकळत त्याच प्रक्षेपणात जातो. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं ताणलं जातं. राजगडाच्या अक्षांशावर हा ताण सव्वापाच टक्के आहे. म्हणजे या ताणलेल्या मीटरांवरून प्रमाण काढलं असेल तर ‘१:५०,०००’ म्हणून जे छापलं जातं ते जमिनीच्या हिशोबाने साधारण १:४७,५०० असतं. आपले १० किलोमीटर २० सेंटीमीटरऐवजी २१ भरतात. नुसत्या अक्षांश-रेखांशात (`EPSG:4326`) ठेवलं तर वेगळीच तऱ्हा. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा पाच टक्क्यांनी लहान आहे, पण कागदावर दोघे सारखेच छापले जातात आणि गड पूर्व-पश्चिम फुगतो. अशा नकाशावर एकच पट्टी दोन्ही दिशांना खरी असूच शकत नाही. यावर उपाय एका ओळीचा आहे. प्रकल्पाचं प्रक्षेपण `EPSG:32643` करा. हा यूटीएमचा ४३ क्रमांकाचा पट्टा, ७२ ते ७८ अंश पूर्व. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यात येतो. त्याच्या पूर्वेला गेलात, म्हणजे नागपूरकडे, तर `EPSG:32644`.

आता पट्टी. इथे लोक काय करतात, तर आपोआप आलेली पट्टी तशीच ठेवतात आणि मग ०, १.३७, २.७४ असले आकडे छापले जातात. अशा पट्टीवर डोंगरात कोण हिशोब करणार? `Units` मध्ये `Kilometers`, `Fixed width` मध्ये `1`, डावीकडे शून्य भाग, उजवीकडे दोन. झाली ०, १, २ ची पट्टी. आपल्या नकाशावर ती बरोबर ४ सेंटीमीटर लांब असायला हवी. ही तपासणी प्रत्येकाने करावी. छापून झाल्यावर शाळेतली फूटपट्टी लावायची. ४० मिलिमीटर भरले तर ठीक. ३९ भरले तर प्रिंटरच्या खिडकीत `Fit to page` राहिलंय, ते बदलून `Actual size` करायचं आणि परत छापायचं.

पट्टी ठेवायची कुठे, यावरही मी जरा हट्टी आहे. सगळे तिला अगदी कोपऱ्यात ठेवतात. पण आपल्या मंडळींपैकी बरेच जण अमेरिकेत आहेत, सुट्टीत येताना नकाशा तिकडूनच छापून आणतात आणि तिकडचा कागद ‘लेटर’ असतो, २७९ बाय २१६ मिलिमीटर. आपला आडवा ए-४ त्यावर `Fit to page` ने छापला तर सहा टक्के आकसतो, आणि `Actual size` ने छापला तर रुंदीतले १८ मिलिमीटर कागदाबाहेर जातात. काय जाणार? उजव्या कडेला जे असेल ते. म्हणून पट्टी कडेपासून अडीच-तीन सेंटीमीटर आत घ्यावी. रकाना ७२ मिलिमीटरचा आहे, ४ सेंटीमीटरची पट्टी त्यात आरामात आत सरकते.

बाणाबद्दल मात्र माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. नकाशातला सगळ्यात कमी कामाचा आणि सगळ्यात जास्त सजवलेला भाग म्हणजे उत्तर दाखवणारा बाण. उत्तर वर असेल तर एक सेंटीमीटरचा साधा बाण आणि ‘उ’ पुरतो. जाणकार म्हणतील, खरी उत्तर वेगळी, जाळीची वेगळी, होकायंत्राची वेगळी. बरोबर आहे. पण या भागात जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून अर्ध्या अंशाहूनही कमी सरकलेली आहे आणि होकायंत्राचा फरकही एका अंशाच्या आतच आहे. हातातल्या होकायंत्रावर तेवढं वाचता येत नाही. परदेशी नकाशांसारखे तीन बाण इथे काढण्यात अर्थ नाही.

बाण खरा कामाचा होतो तो नकाशा फिरवल्यावर. तोरण्याहून राजगड आग्नेयेला आहे, त्यामुळे वाट कागदावर तिरपी येते. काही जण ती आडवी करायला नकाशाच फिरवतात. तसं केलंत तर `North arrow` च्या गुणधर्मांत `Sync with map` वर खूण आहे ना, ते बघा. बाण जर नुसतं चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर तो वरच बोट दाखवत राहतो. माझं विचाराल तर फिरवूच नका. धुक्यात, दमलेल्या माणसाला ‘वर म्हणजे उत्तर’ एवढंच आठवतं.

राहिली सूची. इथे माझा सगळ्यात जास्त जीव अडकलेला आहे. बहुतेक नकाशांत सूची म्हणजे संगणकाने ओकलेली थरांची नावं असतात, `osm_lines_final2` वगैरे. ती वाचणाऱ्यासाठी लिहायला हवी. `Auto update` वरची खूण काढली की नावं बदलता येतात आणि नको ते गाळता येतं. पण नुसती नावं बदलून भागत नाही. ‘पायवाट’ असं एकच लिहून चालेल का? सह्याद्रीत माणसं चुकतात ती ढोरवाटांमुळे. मळलेली, ठसठशीत वाट असते, आपण आनंदाने जातो आणि ती एका चरणीच्या माळावर जाऊन विरून जाते. म्हणून मळलेली वाट सलग रेघेने, पुसट वाट तुटक रेघेने आणि जिथे ढोरवाटा फुटतात त्या जागी एक खूण, असं तीन प्रकारांत दाखवावं. पाण्याचंही तसंच. नुसतं निळं टिंब काय कामाचं? मे महिन्यात पोचलेल्या माणसाला टाक्यात पाणी असेल की नाही हे हवं असतं. बारमाही पाणी भरीव टिंबाने आणि हंगामी पोकळ टिंबाने दाखवलं तर तो आपल्या बाटल्यांचा हिशोब करू शकतो. ज्या टाक्याची माहिती नाही ते हंगामीच धरावं.

आणि हो, भरीव-पोकळ, सलग-तुटक असं का म्हणतोय? कारण हा नकाशा शेवटी काळा-पांढरा झेरॉक्स होणार आहे. लाल वाट आणि हिरवी वाट झेरॉक्समध्ये एकसारखी करडी होतात. फरक फक्त रंगावर सोपवलेला असेल तर वीस प्रतींतल्या एकोणीस जणांना तो दिसणारच नाही. पाठवण्याआधी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

एक प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. १:५०,००० ला अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. धारेवर वाट डाव्या अंगाने जाते की उजव्या, हे त्यात दिसत नाही. मान्य. त्यासाठी कागदाची मागची बाजू आहे. धारेचा जो भाग नेमका चुकवतो तेवढाच तिथे १:२५,००० ला छापावा. आडव्या ए-४ वर जवळजवळ सात किलोमीटर बाय पावणेपाच किलोमीटर मावतात, मधल्या धारेला ते पुरेसे आहेत. मात्र दोन बाजूंची प्रमाणं वेगळी, म्हणून दोन्हीकडे आपापली पट्टी हवी, आणि दोन्ही पट्ट्या ०, १ अशा किलोमीटरच्याच. पुढच्या बाजूचा किलोमीटर २ सेंटीमीटरचा, मागचा ४ सेंटीमीटरचा. कागद उलटला की डोळ्यालाच कळतं की इथे अंतरं दुप्पट दिसताहेत.

मला ठाऊक आहे, आता सगळ्यांच्या खिशात जीपीएस आहे. पण थंडीत बॅटरी उतरते आणि पावसात भिजलेल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. कागद तेव्हाच बाहेर निघतो. ज्याच्या हातात तो असतो त्याने तो केलेला नसतो, त्याने तो ज्या कागदावर छापलाय तो आपण पाहिलेला नसतो, आणि विचारायला त्याच्याकडे आपण नसतो. त्या माणसाला आपण जे अंतर सांगतोय ते खरं असलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्याकडे असा नकाशा आला तर फार काही करू नका. छापा आणि पट्टीला फूटपट्टी लावा. पट्टीच नसेल तर पाठवणाऱ्याला प्रेमाने एकच विचारा: बाबा रे, हा कुठल्या कागदासाठी केलायस?